तीनचा आकडा कोण सांभाळणार?

गणपतीच्या मंडपात माईकवाला आवाजाचं बटण हळूहळू वाढवत नेतो, तेव्हा शिट्टी सुटण्याच्या अगदी आधी एक क्षण येतो. वक्त्याच्या प्रत्येक शब्दामागे एक बारीक नाद रेंगाळायला लागतो, रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. बटण केसभर मागे घेतलं की नाद विरतो. केसभर पुढे गेलं की कर्णा किंचाळतो आणि लोक कानांवर हात ठेवतात. ना विरणारा, ना किंचाळणारा, तसाच टिकून राहणारा नाद मात्र त्या बटणावर कधी सापडत नाही.

वीन ब्रिज ऑसिलेटर म्हणजे हाच सापडत नसलेला क्षण मुद्दाम पकडून धरणारं सर्किट. मंडपात जे घडतं तेच इथेही घडतं. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडलेला सिग्नल फिरून त्याच्याच तोंडात येतो आणि पुन्हा वाढतो. एका फेरीत वाटेत जेवढी घट झाली, बरोबर तेवढीच वाढ ॲम्प्लिफायरने केली आणि परत आलेली लाट मूळ लाटेच्या पावलाशी पाऊल जुळवून आली, तर ती लाट कायम फिरत राहते. पाठ्यपुस्तकांत या दोन अटी बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने येतात. लाट कोणत्या कंपनसंख्येची असेल हे पावलं जुळण्याची अट ठरवते आणि गेन किती हवा हे घट-वाढीची अट ठरवते.

नावाबद्दल आधी एक सांगून टाकतो. आपल्याकडे कॉलेजात कोणी ‘वेन ब्रिज’ म्हणतात, कोणी ‘वायन ब्रिज’. माणूस होता माक्स वीन, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ. त्याने १८९१ मध्ये हा ब्रिज बसवला तो कपॅसिटर मोजण्यासाठी. त्यातून लाटा निर्माण करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण या जाळ्यातून सिग्नल गेला की तो घटूनच बाहेर पडतो आणि घटलेला सिग्नल पुन्हा वाढवणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक साधन तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं.

हे जाळं समोर मांडून पाहू. दोन रेझिस्टर घ्या, दोन्ही १० किलोओहमचे. दोन कपॅसिटर घ्या, दोन्ही १० नॅनोफॅरडचे, म्हणजे ज्यांच्या अंगावर १०३ छापलेलं असतं ते. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एकामागे एक जोडा. ही झाली सिरीज जोडी. उरलेले दोघे शेजारी शेजारी, टोकाला टोक लावून जोडा. ही पॅरलल जोडी. ऑप-अँपच्या आउटपुटपासून सिरीज जोडी निघते, तिच्या पायाशी पॅरलल जोडी आणि पॅरलल जोडीचं दुसरं टोक ग्राउंडला. दोन जोड्या जिथे भेटतात तिथून एक वायर ऑप-अँपच्या प्लस इनपुटला जाते. आउटपुटचा किती हिस्सा त्या सांध्यावर पोचतो, हा सगळा प्रश्न आहे.

कंपनसंख्या अगदी कमी असेल तेव्हा सिरीज जोडीतला कपॅसिटर जवळजवळ बंद दारासारखा वागतो. सांध्यावर फारच थोडं पोचतं आणि जे पोचतं ते पावलाने पुढे धावत असतं. कंपनसंख्या फार जास्त असेल तर उलटं होतं. सिरीज कपॅसिटर सताड उघडा, पण खालचा पॅरलल कपॅसिटरही सताड उघडा, त्यामुळे सिग्नल ग्राउंडला वाहून जातो आणि उरतो तो मागे रेंगाळलेला. पुढे धावण्यापासून मागे रेंगाळण्यापर्यंतच्या या प्रवासात मध्ये एकच कंपनसंख्या अशी येते जिथे लाट पुढेही नसते, मागेही नसते. ऑसिलेटर तीच निवडतो. तिचं सूत्र असं:

f = 1/(2πRC)

आपले आकडे घातले तर १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरड यांचा गुणाकार एका सेकंदाचा दहा हजारावा भाग येतो आणि f येते साधारण १५९२ हर्ट्झ.

आता या कंपनसंख्येला घट किती होते? एरवी इथे काल्पनिक संख्यांचं बीजगणित लागतं, पण आपल्या आकड्यांवर ते साध्या बेरजेतही दिसतं. १५९२ हर्ट्झला १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरचा अडथळा बरोबर १० किलोओहम असतो, शेजारच्या रेझिस्टरइतकाच. दोन सारखे अडथळे एकामागे एक आले की काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी बेरीज होते, म्हणून सिरीज जोडीचा अडथळा १४.१४ किलोओहम. तेच दोघे शेजारी जोडले की ७.०७ किलोओहम. महत्त्वाचं म्हणजे दोन्ही जोड्यांमध्ये पावलाचा कोन एकच आहे, ४५ अंश, आणि तोही एकाच बाजूला. कोन सारखे असल्यामुळे हे दोन आकडे सरळ मिळवता येतात: १४.१४ आणि ७.०७ मिळून २१.२१. सांधा ग्राउंडपासून ७.०७ वर आहे. एकवीस पूर्णांक एकवीसमधले सात पूर्णांक शून्य सात म्हणजे बरोबर एक तृतीयांश.

वाटेत एक तृतीयांश उरतं, तर ॲम्प्लिफायरने तिप्पट करायला हवं. प्लस इनपुटला सिग्नल देणाऱ्या ऑप-अँपचा गेन दोन रेझिस्टर ठरवतात. एक आउटपुटपासून मायनस इनपुटला येतो, त्याला Rf म्हणू. दुसरा मायनस इनपुटपासून ग्राउंडला जातो, तो Rg. गेन असतो 1 + Rf/Rg. तो ३ हवा, म्हणजे Rf हा Rg च्या दुप्पट. २० किलोओहम आणि १० किलोओहम. परीक्षेतलं उत्तर इथे संपतं आणि मार्कही मिळतात.

मी विद्यार्थी असताना हे सर्किट ब्रेडबोर्डवर लावलं ते असंच, पुस्तकातल्यासारखं. शहाणपणा म्हणून तपकीर गल्लीतून आणलेल्या मूठभर रेझिस्टरांतून मल्टिमीटरने मोजून मोजून अचूक दुप्पट जोडी निवडली होती. टीएल०७२ ऑप-अँप, प्लस-मायनस १२ व्होल्टचा सप्लाय. सीआरओच्या पडद्यावर सरळ रेषा. सप्लाय बंद करून चालू केला की क्षणभर एक लहर उठायची आणि झरझर विरून जायची. तासभर वायरी तपासल्या, आयसी बदलला. शेवटी सरांनी मागून येऊन विचारलं, “रेझिस्टर मोजलेस, कपॅसिटर मोजलेस का रे?”

मोजले नव्हते. चकतीसारखे साधे सिरॅमिक कपॅसिटर होते ते, ज्यांची किंमत छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्के इकडे-तिकडे असली तरी दुकानदाराला दोष देता येत नाही. सरांच्या मीटरवर एक निघाला ९.१ नॅनोफॅरडचा, दुसरा १०.६ चा. ९.१ वाला वर सिरीजमध्ये बसला होता, १०.६ वाला खाली पॅरललमध्ये. सर म्हणाले, “काही बदलू नकोस. फक्त दोघांची अदलाबदल कर.” तेच दोन तुकडे जागा बदलून लावले आणि पडद्यावर लाट उभी राहिली.

त्या दुपारी मला जे कळलं ते ‘तीन’ या आकड्यामागचं खरं सूत्र होतं. चारही घटक सारखे नसतील तर लागणारा गेन असा असतो:

A = 1 + R1/R2 + C2/C1

इथे R1 आणि C1 सिरीज जोडीतले, R2 आणि C2 पॅरलल जोडीतले. सगळे सारखे असले की एक अधिक एक अधिक एक, म्हणून तीन. माझ्या पहिल्या जोडणीत C2/C1 होतं १०.६ भागिले ९.१, म्हणजे १.१६. गेन लागत होता ३.१६ आणि मी नेमका ३ देऊन बसलो होतो. अदलाबदल केल्यावर तोच भागाकार उलटा होऊन ०.८६ झाला, लागणारा गेन २.८६ वर उतरला आणि माझे तीन पुरून उरले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे दोन्ही वेळा कंपनसंख्या तीच, १६२० हर्ट्झच्या आसपास, कारण ती गुणाकारावर ठरते आणि गुणाकाराला कोण वर कोण खाली याच्याशी देणंघेणं नसतं. गेन मात्र भागाकारावर ठरतो. म्हणून अजूनही कोणी बंद पडलेला वीन ब्रिज समोर आणून ठेवला की मी आधी कपॅसिटर काढून मोजतो.

पण ती लाट सुंदर नव्हती. तिची माथी आणि तळ दोन्ही सुरीने कापल्यासारखे सपाट होते. पुरून उरलेल्या गेनचा तो परिणाम.

गेन थोडासा जास्त असणं किती महाग पडतं हे आकड्यांतच पाहावं. सगळे घटक सारखे आहेत आणि गेन ३ ऐवजी ३.१ आहे असं धरा. लाट दर आवर्तनाला सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते. सुरुवातीला सर्किटमध्ये असतो तो फक्त रेझिस्टर आणि आयसीचा स्वतःचा बारीक खळखळाट, समजा दहा मायक्रोव्होल्टचा. चव्वेचाळीस आवर्तनांत त्याचे दहा व्होल्ट होतात. आपल्या कंपनसंख्येला हा वेळ सेकंदाचा छत्तिसावा भाग, डोळ्याची पापणी लवायच्या आत. पुढे सप्लायची भिंत येते, लाट तिच्यावर आपटते आणि सपाट होते. गेन २.९ असेल तर दर आवर्तनाला सत्तावीस टक्के घट, मग कितीही जोराने धक्का द्या, लाट विरणारच. आणि गेन हुबेहूब तीन? तीनच्या दशांश चिन्हापुढे कितीही शून्यं मांडली तरी खोलीतल्या उष्णतेने एखादा रेझिस्टर जरासा सरकला की लाट एकतर वाढायला लागते नाहीतर विरायला. सुईच्या टोकावर गोटी ठेवण्यासारखं आहे हे. प्रीसेट लावून हाताने कितीही नाजूकपणे फिरवला तरी मंडपातल्या माईकवाल्यासारखीच आपली गत होते.

म्हणून मला नेहमी वाटतं की ‘ऑसिलेशन टिकण्यासाठी गेन किती?’ या प्रश्नाचं ‘तीन’ हे उत्तर अर्धंच आहे. सुरू व्हायला तीनपेक्षा जास्त लागतो. टिकायला तीन लागतो. जास्तीवरून तीनवर कोणीतरी आणावं लागतं, आणि हे काम माणसाच्या हाताचं नाही. लाटेनेच ते केलं पाहिजे. सपाट माथ्याची लाटही खरं तर तेच करत असते. भिंतीवर आपटून तिचा जो भाग छाटला जातो, त्यामुळे गेन सरासरीने तीनवरच येतो. फक्त छाटण्याचा मार्ग रानटी आहे.

सभ्य मार्ग शोधला अमेरिकेतल्या विल्यम ह्यूलेट या तरुणाने. स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रेड टर्मन या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकताना १९३९ मध्ये त्याने प्रबंधासाठी वीनच्या जाळ्यावर ऑसिलेटर बांधला. अर्थात ऑप-अँप तेव्हा नव्हता, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब होत्या, पण हिशेब हाच. Rg च्या जागी त्याने एक साधा छोटा विजेचा दिवा बसवला.

दिव्याच्या टंग्स्टनच्या तारेचा एक गुण आपल्याला वरदान ठरतो: ती तापली की तिचा रोध वाढतो. पूर्ण पेटलेल्या दिव्याचा रोध थंड दिव्याच्या सुमारे दहापट असतो. सप्लाय चालू केला तेव्हा दिवा थंड, Rg लहान, म्हणून गेन तीनपेक्षा बराच मोठा. लाट जोमाने वाढते. ती वाढली की दिव्यातून जास्त करंट जातो, तार तापते, Rg वाढतो आणि गेन खाली येतो. लाट जरा जास्त मोठी झाली तर तार अजून तापते आणि गेन तीनच्या खाली घसरतो, लाट आपोआप आवरते. लहान झाली तर तार निवते आणि गेन पुन्हा वर. शेवटी दिवा नेमका त्या तापमानाला येऊन थांबतो जिथे त्याचा रोध Rf च्या निम्मा असतो. मी २८ व्होल्ट, ४० मिलिअँपियरचा एक बारका दिवा वापरून हे केलं आहे. पूर्ण पेटला तर त्याचा रोध ७०० ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. Rf घेतला ४३० ओहमचा. म्हणजे दिव्याला २१५ ओहमवर येऊन थांबावंच लागतं, निवलेला आणि पेटलेला यांच्या मधे कुठेतरी. एवढा कमी रोध चालवायला दमाचा ऑप-अँप लागतो. एनई५५३२ हा ६०० ओहमचा भार सहज पेलतो, म्हणून मी तो घेतला. खोलीतले दिवे घालवून पाहिलं तरी त्या दिव्यात उजेड दिसत नाही. तो नुसता कोमट असतो. आणि सीआरओवरची लाट कागदावर कंपासने काढल्यासारखी गोल.

ही लाट छाटलेली नसते याचं कारण तारेचा आळस. तिला तापायला आणि निवायला वेळ लागतो. १५९२ हर्ट्झच्या एका आवर्तनात तिचं तापमान हलत नाही, त्यामुळे पूर्ण लाटभर गेन एकसारखाच राहतो. तो बदलतो तो अनेक आवर्तनांच्या सरासरीवर. मात्र याच आळसामुळे कंपनसंख्या दहा-वीस हर्ट्झवर आणली की दिवा हरतो. लाट एवढी सावकाश चालते की माथ्यावर तार तापते आणि शून्यावर निवते, मग लाटेचा आकार बिघडतो. रेंज बदलण्याचा स्विच फिरवल्यावर पडद्यावरची लाट दोन-तीनदा उसळून बसते, तेही त्यामुळेच. सर्किट बिघडलं आहे असं समजून घाबरू नये, तार नव्या जागी स्थिरावत असते.

ह्यूलेटच्या या रचनेतून त्याच्या आणि डेव्हिड पॅकर्डच्या कंपनीचं पहिलं उपकरण निघालं, मॉडेल २००ए, किंमत ५४ डॉलर ४० सेंट. पालो अल्टोमधल्या गॅरेजात ते बनत होतं. पुढच्या २००बी मॉडेलचे आठ नग वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने ‘फँटेशिया’ या चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी घेतले. स्वस्ताईचं गुपित कॉइल नसण्यातही होतं. आपल्या १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरसोबत कॉइल वापरून १५९२ हर्ट्झ आणायचे तर एक हेन्रीची कॉइल लागते. लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेला जड ठोकळा. इथे ते काम काही पैशांचा रेझिस्टर करतो.

आजकाल घरी करून पाहणाऱ्याला तसा दिवा मिळणं कठीण, म्हणून बहुतेक जण डायोड वापरतात. Rg १० किलोओहम ठेवा. Rf चे दोन तुकडे करा, १८ किलोओहम आणि ३.९ किलोओहम, आणि लहान तुकड्याच्या दोन्ही टोकांना दोन १एन४१४८ डायोड उलट-सुलट तोंडाने जोडा. लाट लहान असताना डायोड झोपलेले असतात, गेन ३.१९ असतो आणि लाट वाढते. मोठी झाली की डायोड चालू होऊन ३.९ किलोओहमला बगल देतात, तो दोन किलोओहमसारखा वागायला लागतो आणि गेन तीनवर येतो. त्या दोन किलोओहमवर डायोडचे सुमारे अर्धा व्होल्ट पडतात, पूर्ण साखळी तीस किलोओहमची आहे, म्हणजे आउटपुटचं शिखर पंधरापट, साधारण सात व्होल्टवर. मोजून पहा, त्याच्या आसपासच येईल. डायोडला दिव्यासारखा आळस नाही, तो प्रत्येक माथ्यावर तिथल्या तिथे हात मारतो. त्यामुळे कमी कंपनसंख्येलाही हे चालतं, पण लाटेची माथी किंचित दबलेली राहतात. ३.९ च्या जागी १० किलोओहम घातलात तर सुरू होण्याची खात्री वाढते आणि दबलेपणही वाढतं. घटक मोजून सारखे निवडले असतील तर ३.९ पेक्षाही लहान तुकडा चालतो.

एक खूण शेवटी सांगतो, कारण तिने अनेकांना चकवलं आहे. कंपनसंख्या वाढवत नेली आणि गोल लाट हळूहळू त्रिकोणी व्हायला लागली, तर गेनला हात लावू नका. तो ऑप-अँपचा दमसास संपल्याचा पुरावा आहे. जुन्या ७४१ चं आउटपुट एका मायक्रोसेकंदात अर्धा व्होल्टच सरकू शकतं. दहा व्होल्ट शिखराची लाट हवी असेल तर तो आठ किलोहर्ट्झपर्यंतच साथ देतो. शिवाय २० किलोहर्ट्झला लहान लाटेवरसुद्धा तो स्वतःच इतका मागे रेंगाळतो की पावलं जुळवण्यासाठी सर्किट कंपनसंख्या सुमारे आठ टक्क्यांनी खाली आणतं, आणि आपण उगाच कपॅसिटरवर संशय घेत बसतो. आयसी उपटा, टीएल०७२ लावा. त्याचे पाय वेगळे आहेत, तेवढं जोडताना पहा.